आमटी पाचाची, भाजी अकराची: वसतिगृहाच्या मेसचा मेनू

«आमचं मुलींचं वसतिगृह आहे, सांगली जिल्ह्यात. १२० मुली, बहुतेक कॉलेजच्या. मुलीमागे महिन्याला ३,२०० रुपये मिळतात, त्यातूनच गॅस, पगार सगळं. मुली म्हणतात रोज तेच तेच. एका आहारतज्ज्ञ मॅडमकडून चार आठवड्यांचा मेनू करून घेतला, तो बारा दिवस चालला. पनीर वाढवलं की महिनाअखेरीला किराणावाल्याची उधारी राहते. पोषण, खर्च आणि वेगवेगळेपणा, तिन्ही सांभाळायचं कसं?»

ताई, तुमचा बारा दिवस तरी चालला. माझा पहिला मेनू नवव्या दिवशी झोपला होता. सहा वर्षं एका ट्रस्टच्या रुग्णालयात स्वयंपाकघर सांभाळून मी वसतिगृहाच्या मेसवर आले होते, आकडे सगळे बरोबर मांडले होते. नवव्या दिवशी रात्री पालक पराठा आणि दही लिहिलं होतं. १२० मुली, दोन-दोन पराठे, म्हणजे २४० नग. तव्यावर एका वेळी चार मावत, एका फेरीला साडेतीन मिनिटं. साठ फेऱ्यांचे साडेतीन तास होतात, हा गुणाकार मी कागदावर कधी केलाच नव्हता. साडेनऊ वाजले तरी शेवटच्या वीस मुली ताट घेऊन उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या मुख्य आचारी मावशींनी तो कागद फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटवून टाकला आणि पुन्हा त्यांच्या सवयीचा स्वयंपाक सुरू झाला.

तुमचा मेनू का बंद पडला हे मला इथून दिसत नाही, पण आधी हेच तपासा. मेनूतल्या प्रत्येक दिवसापुढे लिहा की सकाळी आणि संध्याकाळी किती हात किती वेळ गुंतणार आहेत. मेथी निवडायची असेल तर त्याच दिवशी भरली वांगी करता येत नाहीत. मोड आलेली मटकी बुधवारी रात्री हवी असेल तर ती मंगळवारी सकाळीच भिजत पडायला हवी. बहुतेक मेसमध्ये उसळीच्या दिवशी बटाट्याची भाजी होते ती आळसामुळे नाही, आदल्या दिवशी भिजवायचं कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं म्हणून. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारावर एक फळा आहे. त्यावर आजचा मेनू नसतोच. फक्त ‘उद्याचं भिजवण’ आणि ‘परवाचं निवडण’ एवढंच असतं. आजचं काय ते मावशींना माहीत असतंच.

आता पैसे. पुढचे भाव माझ्याकडचे आहेत, तुमच्या बाजारात चार रुपये इकडेतिकडे होतील. पगाराचे आकडेही तुमचे तुम्ही घाला. १२० मुलींचे ३,२०० प्रमाणे ३ लाख ८४ हजार येतात. एक मुख्य आचारी आणि तीन मदतनीस यांचे पन्नास हजारांच्या आसपास, गॅसचे तीस हजार, दळण, साबण, वाहतूक, मिक्सरची दुरुस्ती वगैरे दहा हजार धरू. हातात २ लाख ९४ हजार उरतात. त्यातले चौदा हजार भाववाढीसाठी आणि सणांसाठी बाजूला काढा, ते महिन्याच्या मध्यावर मोडायचे नाहीत. उरलेल्या दोन लाख ऐंशी हजारांचे एका मुलीमागे एका दिवसाचे ७८ रुपये होतात. तुमचा खरा आकडा हा आहे, ३,२०० नव्हे. तो भिंतीवर लिहून ठेवा.

या ७८ मधले रोज न चुकता जाणारे किती? दोन वेळच्या सहा पोळ्यांचं १८० ग्रॅम पीठ, ८० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम डाळ, ३५ ग्रॅम कडधान्य, २५० ग्रॅम भाजी, कांदा-टोमॅटो-लिंबू, तेल, दाण्याचं कूट, मसाले, चहा आणि ताक-दह्याचं मिळून २०० मिली दूध, नाश्त्याचे पोहे किंवा रवा, एक केळं, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा अंडं. माझ्या भावाने हे ६७ रुपयांच्या आसपास येतं. त्यातलं सगळ्यात महाग काय, तर दूध, साधारण ११ रुपये, आणि त्याच्या मागोमाग भाजी, १० रुपये. डाळीला फक्त ५ आणि कडधान्याला साडेतीन रुपये लागतात. खर्च वाढला की पहिली कात्री डाळीवर चालवणाऱ्यांना मी हाच हिशोब दाखवते. डाळ निम्मी केली तरी अडीच रुपयेच वाचतात, आणि आमटीचं पाणी होतं ते मुलींना पहिल्या घासाला कळतं.

म्हणजे दिवसाला ११ रुपये उरले, आठवड्याचे ७७. याला मी ‘सैल हाताचे पैसे’ म्हणते आणि ते रोज वापरत नाही. आठवड्यात दोनदाच वापरते. रविवारी दुपारी चाळीसेक रुपये, त्यात पुरी-श्रीखंड, व्हेज बिर्याणी किंवा मांसाहार चालत असेल तर चिकन रस्सा बसतो. आणि बुधवारी रात्री पंचवीस-तीस रुपये, त्यात पनीर येतं. बाकीचे आठ-दहा मागे राहू द्या, टोमॅटो शंभरीला गेला की तेच कामाला येतात. पनीर रोजच्या भाजीत चिमूट-चिमूट टाकलं तर उधारी होते आणि मुलींना पनीर मिळाल्यासारखंही वाटत नाही. एका दिवशी ताटात खरंच ५० ग्रॅम दिसलं तर आठवडाभर त्याची आठवण राहते.

पनीरवरून प्रथिनांचं बोलायलाच हवं, कारण पालक हाच प्रश्न विचारतात. ५० ग्रॅम पनीरमधून नऊ-साडेनऊ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि त्याला १९ रुपये पडतात. ३५ ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून सात ग्रॅम मिळतात आणि त्याला साडेतीन रुपये. एका अंड्यातून साडेसहा ग्रॅम, सात रुपयांत. पनीर मी आनंदाच्या खात्यात लिहिते, पोषणाच्या नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वर दिलेलं रोजचं सामान मोजलं तर अंडं न धरताही ५५ च्या आसपास जातं. त्यातले एकोणीस ग्रॅम तर एकट्या गव्हातून येतात, हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. गव्हाच्या प्रथिनात जी उणीव असते ती डाळ भरून काढते, म्हणून पोळीसोबत आमटी किंवा उसळ पोटात गेली पाहिजे. कागदावर प्रथिनं पुरेशी असतातच. मुलगी दोनच पोळ्या खाते, आमटीची वाटी तशीच ठेवते आणि रात्री खोलीत बिस्किटं खाते, तिथे ती कमी पडतात.

खरी ओढाताण लोहाची असते. त्याच शिफारशीत बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं. आपल्या ताटातून पंधराच्या आसपास मिळतं, आणि त्यातलंही अंगी लागतं ते थोडंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. तुमच्या १२० मुली त्यातल्याच आहेत. मी तीन गोष्टी केल्या, त्यातल्या दोन टिकल्या. थंडीत आठवड्यातून दोन रात्री पोळीऐवजी बाजरीची भाकरी सुरू केली. १०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, गव्हात चारच्या आसपास, तांदळात एकाहूनही कमी. २४० भाकऱ्या थापणं आमच्या बायकांना शक्य नव्हतं, म्हणून त्या जवळच्या बचत गटाकडून नगावर घेतो. दुसरं म्हणजे उसळ आणि पालेभाजीच्या दिवशी ताटात लिंबाची फोड सक्तीची केली, कारण आंबटातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. तिसरं फसलं. चहा नाश्त्यानंतर तासाभराने द्यायचा ठरवला होता, कारण जेवणासोबतचा चहा लोह अडवतो. मुलींनी दुसऱ्या दिवसापासून खोलीत विजेच्या किटलीवर चहा सुरू केला आणि रात्रीत दोनदा फ्यूज उडाला. चहा परत पोह्यांसोबत आला. मग लोहाचा भार मी दुपार आणि रात्रीच्या जेवणावर टाकला, जिथे चहा मध्ये येत नाही. एवढं करूनही ज्यांचं हिमोग्लोबिन खरंच खाली आहे त्यांना डॉक्टरकडेच पाठवा. गोळीचं काम मेनू करणार नाही.

आता ‘रोज तेच तेच’. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण मला हे समजायला चार वर्षं लागली.

मुलींच्या या तक्रारीवर मी आधी नवे पदार्थ शोधायची. पास्ता झाला, मांचुरियन झालं. खर्च वाढला, तक्रार तशीच. मग एका मुलीने सहज म्हटलं, «मॅम, आज गुरुवार ना, म्हणजे कोबी.» तेव्हा डोक्यात उजेड पडला. सात दिवसांच्या मेनूत प्रत्येक वाराला एक भाजी चिकटून बसते. मुलीला सकाळी उठल्याबरोबर माहीत असतं की रात्री काय आहे, आणि सोमवारची ती आमटी आणि ती भाजी ही जोडी कायम एकत्र येते. पदार्थ चाळीस असले तरी जोड्या सातच राहतात. चार आठवड्यांचा मेनूही सहसा चारदा सातच असतो, फक्त कागद लांब होतो.

त्यावर मी आमटी आणि भाजी एकमेकींपासून सोडवल्या. दुपारच्या आमटीची पाच घरं केली आणि भाजीची अकरा. रविवार वेगळा ठेवला, सोमवार ते शनिवार असे सहा दिवस ही दोन्ही चाकं आपापल्या गतीने फिरतात. पाच, अकरा आणि सहा यांना सामाईक भागणारा आकडा नाही, म्हणून तीच आमटी आणि तीच भाजी पुन्हा एकत्र यायला पंचावन्न दिवस लागतात. रविवार सोडून मोजले तर नऊ आठवड्यांहून जास्त. आणि एखादी भाजी पुन्हा त्याच वारी यायला तर सहासष्ट दिवस. मावशींना नवा पदार्थ एकही शिकवावा लागत नाही.

आमच्या आमटीची पाच घरं अशी आहेत: लिंबू पिळायचं साधं वरण, चिंचगुळाची आमटी, लसणाच्या फोडणीची मुगाची डाळ, मिश्र डाळीची आमटी, आणि कढी. भाजीच्या अकरा घरांत मी पदार्थाचं नाव लिहीत नाही, प्रकार लिहिते: सुकी पालेभाजी, रस्सा, कोबी, शेंगभाजी, पिठलं, डाळ घातलेला दुधी किंवा दोडका, पातळ पालेभाजी, बटाटा, पीठ पेरलेली ढोबळी मिरची किंवा भेंडी, वांगं, आणि मोसमातलं काहीही. ‘शेंगभाजी’ लिहिलं की गवार महाग असेल त्या दिवशी घेवडा येतो आणि मेनू मोडत नाही. ‘गवार’ लिहिलं असतं तर महाग घ्यावी लागली असती किंवा मेनू मोडला असता, आणि एकदा मोडला की पुढच्या वेळी मोडायला कुणाला संकोच वाटत नाही.

बाजारात भाव बघताना मात्र पिशवीतल्या वजनाचा नाही, पातेल्यात पडणाऱ्या वजनाचा बघा. फ्लॉवर आणि दुधी दोन्ही ४० रुपये किलो असले तरी फ्लॉवरचा दांडा-पाला काढल्यावर निम्माच उरतो, म्हणजे तो ८० ला पडला. दुधीची सालं आणि टोकं जाऊन पाच-सहा भागांतला एकच भाग जातो, तो ५० च्या आत पडतो. मेथी तर दोन्हीकडून महाग पडते, निम्मी देठात जाते आणि निवडायला दोन बायका दीड-दोन तास अडकतात. म्हणून मेथीच्या दिवशी दुसरं सगळं सोपं ठेवायचं: साधं वरण आणि काकडीची कोशिंबीर.

या दोन चाकांची एक खोड सांगायला हवी. पंचावन्न दिवसांत प्रत्येक आमटी प्रत्येक भाजीला एकदा भेटणारच, नको ती जोडीसुद्धा. आमची कढी आमटीत पाचवी आणि पिठलं भाजीत पाचवं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात शुक्रवारी ताटात पिवळ्यावर पिवळं आलं, दोन्ही बेसनाचं, आणि मुलींनी नावं ठेवली. घरं कशीही बदला, ही भेट टळत नाही, फक्त पुढे-मागे होते. म्हणून पंचावन्न दिवसांच्या जोड्या वहीत एकदा लिहून काढा आणि पेन्सिलने तपासा. एका ताटात दोन बेसनाचे, दोन आंबट, दोन पातळ किंवा एकाच रंगाचे पदार्थ आले की खूण करा आणि त्या दिवसाची भाजी दुसऱ्या दिवसाशी बदला. मला पाच-सहा खुणा कराव्या लागतात. कढीच्या दिवशी ताकातली पातळ भाजी येते ती त्यातलीच एक. अर्ध्या तासाचं काम आहे.

रात्रीच्या उसळीचं तिसरं चाक सात घरांचं आहे: मटकी, हिरवे मूग, हरभरा, चवळी, वाटाणा, अख्खा मसूर आणि हुलगे. तुमच्या भागात अख्खा मसूर आवडीने खातात, तो शनिवारी आला तर पोरी दोन पोळ्या जास्त घेतात, कणीक तशी मळा. हुलग्यांना सुरुवातीला नाकं मुरडली जातात. आम्ही पहिल्या दोन फेऱ्या ‘माडगं’ म्हणून दिले, लसूण आणि तूप घालून, थंडीत. मग उसळीवर आलो.

मेनू लिहून झाला तरी वाढताना तो बिघडतो, आणि ते हिशोबाच्या वहीत दिसत नाही. आमच्याकडे एकदा महिनाभर दुपारी सव्वा वाजता आमटी संपायची. शेवटच्या तीसेक मुलींना गरम पाणी घालून वाढवलेली आमटी मिळायची आणि त्याच तक्रार करायच्या. मी आचारी मावशींवर चिडले, त्यांच्या डाळीवर संशय घेतला, मापून दिली, तरी तेच. शेवटी वाढायला उभी राहिले तेव्हा कळलं की जुना डाव मोडला होता आणि कुणीतरी नवा आणला होता. जुन्यात १५० मिली मावायचं, नव्यात दोनशे. ३ किलो डाळीची १८ लिटर आमटी १५० च्या डावाने बरोबर १२० वाट्या होते, दोनशेच्या डावाने नव्वद. मी त्या मावशींची माफी मागितली. तेव्हापासून आमच्याकडे डाव मापून घेतला जातो आणि मोडला तर त्याच मापाचा दुसरा कपाटात असतो. ज्यांना जास्त हवं त्यांनी दुसऱ्यांदा यावं, त्याला ना नाही.

दुसरी युक्ती दोन बादल्यांची. एकीत मुलींच्या ताटातलं उष्टं, दुसरीत पातेल्यात उरलेलं. जेवणानंतर दोन्ही साध्या काट्यावर तोला आणि मेनूपुढे वजन लिहा. पंधरा दिवस पुरे होतात. ताटाची बादली जड असेल तर पदार्थ आवडला नाही किंवा वाढणं जास्त झालं, पातेल्याची जड असेल तर माणसांचा अंदाज चुकला. या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत, म्हणून बादल्या एकत्र करायच्या नाहीत. १२० मुलींमागे ताटाची बादली सहा किलोच्या वर गेली, म्हणजे मुलीमागे ५० ग्रॅम, की मी कारण शोधते. आमच्याकडे फ्लॉवर-बटाटा दर वेळी नऊ किलोवर जायचा. मुलींना फ्लॉवर आवडत नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात भाजी अकराला होऊन झाकणबंद डब्यात दीडपर्यंत बसायची, वाफेने लगदा व्हायचा आणि वास यायचा. तीच भाजी साडेबाराला दोन घाण्यांत करायला लागलो आणि बादली चार किलोवर आली. पातेल्याच्या बादलीसाठी शुक्रवारी रात्रीच खोलीप्रमाणे विचारून घ्या, शनिवार-रविवार कोण घरी जाणार. आमच्याकडे दर शनिवारी तीस मुली नसायच्या आणि स्वयंपाक मात्र १२० चा व्हायचा.

मुलींची समिती नेमा, पण त्यांना ‘काय हवं’ असं विचारू नका. उत्तर दर वेळी पावभाजी येतं. महिन्यातून एकदा अकरा घरांची यादी पुढे ठेवा आणि विचारा, यातली कोणती दोन काढायची आणि त्या प्रकारातलंच दुसरं काय घालायचं. आमच्या मुलींनी पहिल्यांदा पडवळ काढलं आणि त्याच्या जागी हरभऱ्याची डाळ घातलेला दुधी आणला, खर्च तोच, खाणं दुप्पट.

काही गोष्टी तुमच्या हातात नसतील. विश्वस्तांना अंडं चालत नसेल तर त्या दिवशी दाण्याचा लाडू किंवा सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा द्या. वड्यांत निम्मी प्रथिनंच असतात आणि मुलीमागे २० ग्रॅम पुरतात, पण त्या गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळल्याशिवाय वास जात नाही. सोमवार, गुरुवार किंवा चतुर्थी धरणाऱ्या मुली किती आहेत ते मोजा. आमच्याकडे चतुर्थीला पन्नासेक असतात, त्या दिवशी आम्ही चाकंच थांबवतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे नेतो.

आणि हे सगळं वसतिगृहापुरतं आहे. रुग्णालयात मी हे कधी वापरलं नसतं. तिथे रोगी चार-पाच दिवसांत घरी जातो, त्याला पंचावन्न दिवसांचं कौतुक काय, सात दिवसांचा मेनू पुरतो. तिथलं कौशल्य असं की एकाच पातेल्यातून मीठ आणि फोडणी पडायच्या आधी रक्तदाबवाल्यांची आणि मऊ आहारवाल्यांची वाटणी बाजूला काढायची, म्हणजे चार वेगळे स्वयंपाक करावे लागत नाहीत. शाळेच्या पोषण आहारात तर एकच जेवण असतं आणि प्रमाण सरकारनेच ठरवलेलं: पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २०. तिथे चाकं फिरवायला जागा कमी असते. आमच्याकडे जेवणारी मुलगी मात्र वर्षाला तीनशे दिवस त्याच पंगतीत बसते, म्हणून तिची तक्रार वेगळी.

तुम्ही सुरुवात नव्या मेनूने करू नका. आधी पंधरा दिवस सध्याचंच जेवण चालू ठेवून दोन बादल्या तोला आणि डाव मापा. ते आकडे आणि तुमच्या मुख्य आचाऱ्यांना समोर बसवून अकरा घरं भरा, त्या म्हणतील ‘हे होणार नाही’ ते तिथेच खोडा. आकडे आल्यावर इथे लिहा, शनिवारचा अंदाज किती चुकतोय ते मला बघायचंय.